सीएसएमटी ते कांजूरमार्ग, संध्याकाळी: सरळ स्लो की घाटकोपरपर्यंत फास्ट?

कांजूरचा_नवा
ऑफिस फोर्टात आणि घर आता कांजूरमार्गला. साधारण सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान सीएसएमटीला पोहोचतो. समोर स्लो उभी असते, पलीकडे फास्ट लागलेली असते आणि मला दोन मिनिटांत ठरवायचं असतं. कांजूरला फास्ट थांबत नाही, त्यामुळे फास्ट घेतली तर घाटकोपरला उतरून स्लो पकडावी लागणार. ऑफिसातले अर्धे लोक म्हणतात फास्टच घे, अर्धे म्हणतात उगाच दगदग. नेमका वेळ वाचतो का? जागा मिळण्याचा विषय थोडा बाजूला ठेवूया, आधी फक्त घड्याळाचं बोलू.

धडाकेबाज_डोंबिवलीकर
यात विचारायचं काय? फास्ट ती फास्ट. सीएसएमटी ते ठाणे स्लोला तासाला थोडं कमी लागतं, फास्ट चाळीस मिनिटांत सोडते. पंधरा-सतरा मिनिटं सरळ वाचतात. मी कित्येक वर्षं स्लोत पाय ठेवलेला नाही.

रुळावरचा
डोंबिवलीकर, तुमचे आकडे ठाण्याचे आहेत आणि ठाण्यापुरते बरोबरही आहेत. पण कांजूरच्या माणसाला ती सतरा मिनिटं मिळत नाहीत. फास्ट वेळ वाचवते ती स्टेशनं गाळून. पूर्ण वेगात सलग धावण्याचा फायदा थोडा असतो, मुख्य बचत न थांबण्याची. एक स्टेशन गाळलं की ब्रेक मारणं, उभं राहणं आणि परत वेग घेणं मिळून साधारण सव्वा मिनिट वाचतं असं धरा.

आता मोजा. सीएसएमटी ते ठाणे मध्ये सतरा स्टेशनं. फास्ट त्यातल्या भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर या चारांवर थांबते, म्हणजे तेरा गाळली. तेरा सव्वा सोळा-सतरा, झाला तुमचा हिशोब. घाटकोपरपर्यंत मात्र आठच गाळली जातात: मस्जिद, सँडहर्स्ट रोड, चिंचपोकळी, करी रोड, परळ, माटुंगा, शीव, विद्याविहार. म्हणजे बचत नऊ-दहा मिनिटं. त्यातून घाटकोपरला फास्टच्या फलाटावरून स्लोच्या फलाटावर जायचा वेळ वजा करायचा. संध्याकाळी मेट्रोचं पब्लिक त्याच पुलांवर असतं, चार मिनिटं धरलेली बरी. उरली पाच.

कांजूरचा_नवा
म्हणजे रोज पाच मिनिटं वाचतात? तेही चालेल की.

रुळावरचा
नाही, तिथेच सगळे फसतात. रोज पाच मिनिटं वाचत नाहीत. कधी सात वाचतात, कधी शून्य. कारण घाटकोपरहून पुढे तुम्ही स्लोनेच जाणार, आणि स्लो ठरलेल्या वेळी येते. तुम्ही पाच मिनिटं आधी फलाटावर येऊन उभे राहिलात आणि शेवटी तीच स्लो आली जी तुम्ही सीएसएमटीला सोडली होती, तर घरी त्याच वेळेला पोहोचणार. फायदा तेव्हाच, जेव्हा तुमच्या फास्टने वाटेत आधीची एखादी स्लो मागे टाकली आणि ती तुम्हाला घाटकोपरला मिळाली.

उदाहरण घेतो, वेळा समजण्यापुरत्या आहेत. एक स्लो ६:२० ला सुटली, ती घाटकोपरला ६:५४ आणि कांजूरला ७:०१. पुढची स्लो ६:२७ ची, ती घाटकोपरला ७:०१, कांजूरला ७:०८. फास्ट घाटकोपरला पंचवीस मिनिटांत जाते असं धरू.

तुम्ही ६:२२ ला स्टेशनात आलात, ६:२० ची चुकलेली आहे. ६:२४ ची फास्ट मिळाली तर घाटकोपर ६:४९, पूल ओलांडून ६:५३, आणि ६:५४ ला तीच चुकलेली स्लो तुमच्यासमोर येते. कांजूरला ७:०१. सीएसएमटीला थांबून ६:२७ ची घेतली असती तर ७:०८. निव्वळ सात मिनिटं वाचली.

आता तुम्ही ६:२५ ला आलात आणि फास्ट ६:२८ ची आहे. घाटकोपर ६:५३, पलीकडच्या फलाटावर ६:५७. ६:५४ ची गेली. मग ७:०१ ची, म्हणजे सीएसएमटीला समोर उभी असलेलीच ६:२७ ची. दोन गाड्या, एक पूल, चार मिनिटं ताटकळणं, आणि कांजूरला तेच ७:०८. शिवाय ती स्लो सीएसएमटीहून भरून आलेली असणार, जागा बाजूला ठेवायची म्हणालात म्हणून त्यावर बोलत नाही.

गणिताची_चेष्टा
हे सुटसुटीत करून सांगता येईल. वर निव्वळ बचत पाच मिनिटं निघाली. म्हणजे चुकलेली स्लो सुटल्यापासून पाच मिनिटांच्या आत जी फास्ट सुटेल, तीच तिला घाटकोपरला गाठू शकते. सहाव्या मिनिटाची फास्ट गाठत नाही. म्हणून सीएसएमटीला विचारायचा प्रश्न 'फास्ट कधी आहे' हा नाही, 'शेवटची स्लो जाऊन किती वेळ झाला आणि फास्ट त्यानंतर किती मिनिटांनी सुटतेय' हा आहे.

गंमत अशी की सरासरी काढली तर पाचच येते. स्लो दर सात मिनिटांनी असतील आणि फास्ट कधीही सुटत असेल, तर सातातले पाच वेळा सात मिनिटं वाचतात आणि दोनदा काहीच नाही. दुपारी स्लो दहा मिनिटांनी येत असतील तर निम्म्या वेळा दहा वाचतात, निम्म्या वेळा शून्य. सरासरी तीच, पण अनुभव एकदम वेगळा. त्यामुळेच ऑफिसातले अर्धे लोक फास्टवाले आणि अर्धे स्लोवाले. दोघंही आपापल्या गाडीचा अनुभव सांगतायत.

धडाकेबाज_डोंबिवलीकर
एवढं गणित करेपर्यंत फास्ट निघून जाईल. आणि शून्य वाचले तरी तोटा कुठे आहे? स्लोत बसून प्रत्येक स्टेशनवर धक्के खाण्यापेक्षा बरं.

रुळावरचा
तोटा नाही हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि हा मुद्दा महत्त्वाचाच आहे. फास्ट समोरच्या स्लोच्या आधी किंवा जवळपास बरोबर सुटत असेल तर वाईटात वाईट काय, तीच स्लो घाटकोपरला मिळेल. त्याहून उशीर होत नाही. पण हे फास्ट वेळेत धावली तर. कुर्ल्यापासून कल्याणकडे मेल-एक्स्प्रेसना पाचवी-सहावी मार्गिका आहे, सीएसएमटी ते कुर्ला मात्र त्या फास्ट लोकलच्याच रुळांवरून जातात. एखादी लांब पल्ल्याची गाडी पुढे असली आणि फास्ट दादरच्या अलीकडे सिग्नलला पाच-सहा मिनिटं रखडली, की समोरची स्लो घाटकोपरहून पुढे गेलेली असते आणि तुम्ही तिच्या मागच्या गाडीत.

मुलुंडची_सुमनताई
माझं वेगळं आहे, पण विषय तोच. मी मुलुंडला राहते. आमच्या ग्रुपमधल्या दोघी ठाण्यापर्यंत फास्टने जातात आणि तिथून सीएसएमटीकडे जाणारी स्लो पकडून एक स्टेशन मागे येतात. ती गाडी संध्याकाळी रिकामी असते, त्यामुळे ऐटीत येतात. मीही तसं करू का? घाटकोपरचा पूल तरी टळेल.

गणिताची_चेष्टा
ताई, रुळावरचा यांच्याच वेळा घेऊन बघू. ६:२८ ची फास्ट ठाण्याला ७:०८. फलाट बदलून ७:१२. परतीची स्लो सरासरी तीन मिनिटांत मिळाली तर ७:१५, मुलुंड ७:१९. सरळ ६:२७ ची स्लो मुलुंडला ७:२० च्या आसपास. एका मिनिटासाठी एवढा द्राविडी प्राणायाम. फास्ट थोडी आधीची असेल तर जरा जास्त वाचेल, पण ठाण्याला पूल चढायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

पाटी_वाचणारा
आणि पास? पास मुलुंडपर्यंतचा असेल तर ठाण्यापर्यंत जाणं म्हणजे हद्दीबाहेरचा प्रवास. टीसीने धरलं तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. ठाण्यापर्यंतचाच पास काढा, मग बिनधास्त करा. तसंही वेळापत्रकात मुलुंडला थांबणाऱ्या काही फास्ट आहेत. तुमच्या वेळेला त्यातली एखादी बसत असेल तर हा सगळा प्रश्नच मिटला.

मुलुंडची_सुमनताई
पास मुलुंडचाच आहे. त्या दोघींचाही. विचारते त्यांना.

मालाडची_मीनल
वेस्टर्नवाल्यांसाठीही कोणीतरी लिहा ना! चर्चगेट ते मालाड. मला सगळे सांगतात विरार फास्ट घे आणि अंधेरीला उतर. विरार फास्टमधून अंधेरीला उतरायचं म्हणजे काय ते सांगणाऱ्यांनी स्वतः करून दाखवावं.

रुळावरचा
मीनलताई, तुमच्याकडे आणखी एक पर्याय आहे. काही बोरिवली फास्ट अंधेरीपर्यंत फास्ट जातात आणि पुढे सगळीकडे थांबतात. त्यात गाडी बदलायचीच नाही, म्हणजे चार मिनिटांची वजाबाकी नाही आणि पुढच्या स्लोची वाटही नाही. अशी गाडी सात-आठ मिनिटं थांबूनसुद्धा परवडते, कारण चर्चगेट ते अंधेरी गाळलेली स्टेशनं बरीच आहेत: मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, माटुंगा रोड, माहीम, खार, सांताक्रुझ, विलेपार्ले. अकरा. थांबायची मर्यादा गाळलेल्या स्टेशनांवरून काढायची. मात्र इंडिकेटरवर नुसतं बोरिवली आणि फास्ट बघून चढू नका, खाली सरकणारी स्टेशनांची यादी वाचा.

पाटी_वाचणारा
यादी वाचा यावरून आठवलं, कांजूरच्या नव्या मित्रासाठी. सेंट्रलच्या इंडिकेटरवर डावीकडे `S` दिसलं म्हणून स्लो समजून चढणारे आजही भेटतात. तो कर्जतचा कोड आहे. कसाऱ्याचा `N`. स्लो की फास्ट ते वेगळ्या अक्षरात असतं. कर्जत फास्टमध्ये चढून कांजूर खिडकीतून बघितलेले लोक आहेत.

शेवटचा_डबा
रुळावरचा यांनी पुलाला चार मिनिटं धरलीत. डबा बरोबर निवडला तर दोनच लागतात. घाटकोपरला पूल ज्या डब्यासमोर येतो त्या डब्यात सीएसएमटीलाच चढायचं. कोणता ते एक-दोनदा उतरल्यावर कळतंच. पण बारा डबा आणि पंधरा डबा यांचं थांबणं वेगळं, हे लक्षात ठेवा.

गणिताची_चेष्टा
हा मोठा फरक आहे. चाराची दोन झाली की पाच मिनिटांची मुदत सात होते. वरच्या उदाहरणात स्लो सात मिनिटांनीच आहेत, म्हणजे जवळजवळ प्रत्येक फास्ट आधीची स्लो गाठून देईल. उलट पुलावर गर्दी होऊन सहा मिनिटं लागली तर मुदत तीनवर येते. गाडीच्या वेगापेक्षा पूल जास्त महत्त्वाचा ठरतोय.

डाऊन_मारणारा
पुलाची भानगड कशाला, सरळ रूळ ओलांडून पलीकडे. अर्ध्या मिनिटाचं काम.

पाटी_वाचणारा
हा सल्ला इथे नको. पकडलं तर दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि नाही पकडलं तर समोरून येणारी फास्ट आहेच. संपादकांनी प्रतिसाद उडवावा.

कांजूरचा_नवा
रूळ वगैरे नाही हो, पूलच बरा. एक शंका. मी काल दोन-तीन गाड्यांच्या वेळा बघत होतो. सीएसएमटीच्या वेळापत्रकात ज्या स्लो दिसतात त्यापेक्षा घाटकोपरला जास्त दिसतात. माझं काही चुकतंय का?

रुळावरचा
काही चुकत नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. सगळ्या स्लो सीएसएमटीहून सुटत नाहीत. काही दादर, कुर्ल्याहून सुटतात, आणि २०१९ पासून परळहूनही सुटतात. या गाड्या सीएसएमटीच्या माणसाला दिसतच नाहीत. स्लोत बसून तुम्ही त्यांच्या पुढे किंवा मागेच राहता, त्यांचा उपयोग शून्य. फास्टने घाटकोपरला गेलात तर मात्र त्या उपयोगी पडतात.

वरचंच फसलेलं उदाहरण घ्या. ६:२८ ची फास्ट, घाटकोपरच्या स्लो फलाटावर ६:५७, आणि पुढची स्लो ७:०१. मधे परळहून सुटलेली एखादी गाडी ६:५९ ला येत असेल तर ती तुम्हाला कांजूरला ७:०६ ला सोडते. शून्याचे दोन झाले, आणि परळची गाडी तुलनेने मोकळी असते हा बोनस. म्हणून हिशोब सीएसएमटीच्या नाही, घाटकोपरच्या वेळापत्रकावर करायचा. एम-इंडिकेटरवर घाटकोपरहून कल्याणकडे जाणाऱ्या स्लो काढा, त्यात तुमच्या फास्टची घाटकोपरची वेळ अधिक पुलाची मिनिटं एवढी पुढे जा, आणि पहिली जी स्लो दिसेल ती कांजूरला किती वाजता जाते ते बघा. शेवटी तुलना दोनच वेळांची: ती, आणि समोरच्या स्लोची कांजूरची.

धडाकेबाज_डोंबिवलीकर
सव्वासहा-साडेसहाच्या दोन-तीन जोड्या एकदा काढून ठेवल्या की रोज बघायलाही नको. एवढं मी मान्य करतो.

रुळावरचा
गाड्या वेळेवर असतील तर. पावसाळ्यात वेळापत्रक बाजूला ठेवा आणि यात्री ॲपवर गाडी प्रत्यक्षात कुठे आहे ते बघा.

दादर_पूर्व
हेच गणित दादरहून लावलं तर? मी दादरला चढते आणि विक्रोळीला उतरते. मीही घाटकोपरपर्यंत फास्ट घेते.

गणिताची_चेष्टा
दादर ते घाटकोपर फास्ट फक्त माटुंगा, शीव आणि विद्याविहार गाळते. तीन स्टेशनं, चार मिनिटं. पूल चार मिनिटं. हातात काही उरत नाही. दादरला स्लो समोर असेल तर डोळे मिटून स्लो. फास्टला अर्थ तेव्हाच जेव्हा स्लो बराच वेळ येणार नाही आणि फास्ट आत्ता आलीय, आणि तेव्हासुद्धा बहुतेक वेळा घाटकोपरला तीच स्लो येईल. हां, विक्रोळीला थांबणारी फास्ट मिळाली तर गोष्ट वेगळी, ती सरळ घ्या.

दादर_पूर्व
पण मला तर लवकर पोहोचल्यासारखं वाटतं.

शेवटचा_डबा
चालत राहिलं की वाटतंच.

ठाणे_ते_व्हीटी
सगळे संध्याकाळचं बोलताय. सकाळी कांजूरहून सीएसएमटीला जाताना घाटकोपरला स्लो सोडून फास्ट पकडावी का? तिथेही नऊ मिनिटं वाचायला हवीत.

रुळावरचा
सकाळी तो सुरक्षिततेचा भाग उलटतो. संध्याकाळी बदललेल्या गाडीने फार तर काही मिळत नाही. सकाळी तुम्ही चालती गाडी सोडून फास्टची वाट बघणार. पूल चार मिनिटं, म्हणजे फास्ट पुढच्या पाच मिनिटांत आली आणि तुम्हाला आत शिरता आलं, तरच बरोबरी किंवा फायदा. एक फास्ट गर्दीमुळे सोडावी लागली की सोडलेली स्लो तुमच्या आधी सीएसएमटीला. सकाळी घाटकोपरला कल्याणहून भरून आलेल्या फास्टमध्ये शिरणं हा वेळापत्रकाचा विषय नाही.

ठाणे_ते_व्हीटी
मी रोज शिरतो. दरवाजात उभं राहायची तयारी असेल तर जमतं. तुम्ही फार घाबरवता.

पाटी_वाचणारा
रविवारचं एक राहिलं. मेगाब्लॉकच्या दिवशी हे सगळं गुंडाळून ठेवा. ब्लॉक फास्ट मार्गावर असेल तर फास्ट गाड्या माटुंगा ते मुलुंड स्लो मार्गावर वळवतात आणि त्या शीव, विक्रोळी, भांडुपलाही थांबतात, म्हणजे फास्ट नावापुरती. ब्लॉक स्लो मार्गावर असेल तर कांजूरवाल्यांचे खरे हाल. स्लो गाड्या फास्ट मार्गावरून जातात आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर इथे फास्ट मार्गाला फलाटच नाही, त्यामुळे तिथे गाडी थांबत नाही. भांडुपला उतरून उलट दिशेची गाडी किंवा रिक्षा.

कांजूरचा_नवा
हे कोणीच सांगितलं नव्हतं. गेल्या रविवारी भांडुपला का उतरवलं ते आता कळलं.
सध्या असं ठरवतोय: सीएसएमटीला आल्यावर मागची स्लो किती वेळापूर्वी गेली ते बघायचं, पाच मिनिटांच्या आत फास्ट सुटत असेल तर फास्ट, नाहीतर समोरची स्लो. परळच्या गाड्यांच्या वेळा काढून बघतो. एकच अडचण, कर्जत-कसारा फास्टमधून घाटकोपरला उतरता येतं का? कोणी रोज करतं का?

डाऊन_मारणारा
कुर्ला सुटलं की दाराकडे सरकायला लाग.

मालाडची_मीनल
कुर्ला सुटल्यावर सरकून काही होत नाही, दादरलाच सुरुवात करा.

धडाकेबाज_डोंबिवलीकर
आमच्या डब्यात घाटकोपरवाल्यांनी चढूच नये असं मत आहे. ठाणे फास्ट बघा, त्यात तुमच्यासारखे बरेच असतात.

कांजूरचा_नवा
माझ्या वेळेला ठाणे फास्ट आहे का ते बघून सांगतो.